करमाफी औषधाला, कसोटी गाठीच्या तुकड्याची

केंद्र सरकारने १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात ३६ जीवरक्षक औषधांवरील मूळ सीमाशुल्क पूर्णपणे माफ केले. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेच्या बैठकीत ३३ औषधांवरील १२ टक्के जीएसटी शून्यावर आणण्याचा निर्णय झाला आणि तो २२ सप्टेंबरपासून लागू झाला. या दोन्ही याद्यांत ॲलेक्टिनिब आणि एन्ट्रेक्टिनिब अशी दोन नावे आहेत. दोन्ही कर्करोगावरची औषधे आहेत आणि दोन्ही गोळ्यांसारखी तोंडाने घ्यायची आहेत.

जीएसटीपुरता हिशेब केला तर पूर्वी जे बिल ११२ रुपये होत होते ते आता १०० रुपये होईल. महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्या कुटुंबाला हा दिलासा नक्कीच आहे, पण औषधाची मूळ किंमत जिथे होती तिथेच आहे. शिवाय या दोन औषधांच्या बाबतीत पैशांच्या आधी आणखी एक दार लागते. ॲलेक्टिनिब फक्त एएलके जनुकाची जोड झालेल्या कर्करोगावर चालते, तर एन्ट्रेक्टिनिब मुख्यतः एनटीआरके किंवा आरओएस१ या जनुकांची जोड झालेल्या कर्करोगावर. ज्याच्या गाठीत ही जोड नाही, त्याला हे औषध फुकट दिले तरी उपयोग नाही. ज्याच्या गाठीत आहे, पण ती शोधलीच गेली नाही, त्याच्यासाठी करमाफी कागदावरच राहते.

म्हणून रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात खरा प्रश्न औषधाच्या दुकानात उभा राहत नाही. तो बायोप्सीच्या टेबलावर, फॉर्मलिनच्या बाटलीत आणि छातीतून काढलेले पाणी कुठे जाते तिथे उभा राहतो.

दोन जनुकांची जोड

प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात आणि गुणसूत्रांवर जनुके ओळीने मांडलेली असतात. पेशी विभागताना कधी कधी गुणसूत्र तुटते आणि तुटलेली टोके चुकीच्या ठिकाणी जुळतात. एका जनुकाचा पुढचा भाग आणि दुसऱ्याचा मागचा भाग एकत्र येऊन निसर्गात नसलेले तिसरेच जनुक तयार होते. डॉक्टर त्याला फ्यूजन म्हणतात. आपण त्याला जोड म्हणू.

एएलके हे जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. १९९४ साली ते एका लिम्फोमात प्रथम सापडले, म्हणून त्याच्या नावात त्या लिम्फोमाचे नाव आहे. २००७ मध्ये जपानमधील जिची मेडिकल युनिव्हर्सिटीतील हिरोयुकी मानो यांच्या गटाने फुफ्फुसाच्या कर्करोगात त्याची एक जोड शोधली. त्याच गुणसूत्रावर, सुमारे एक कोटी वीस लाख अक्षरांच्या अंतरावर, ईएमएल४ नावाचे जनुक असते. या दोन जनुकांमधला तुकडा तुटून उलटा बसला की ईएमएल४चा पुढचा भाग एएलकेच्या मागच्या भागाला येऊन चिकटतो.

हे धोकादायक का, ते विहिरीवरच्या पंपावरून समजते. टाकीत फ्लोट बसवलेला असतो. पाणी खाली गेले की पंप सुरू होतो, टाकी भरली की बंद होतो. एएलके प्रथिनाचा मागचा भाग हा पंप आहे. पेशीला ‘वाढ’ असा संदेश तोच पाठवतो. पुढचा भाग हा फ्लोट आहे. तो पेशीच्या पृष्ठभागाबाहेर असतो आणि बाहेरून इशारा मिळाला तरच मागच्या भागाला कामाला लावतो. प्रौढ माणसाच्या फुफ्फुसात तर हा पंप बसवलेलाच नसतो, कारण तिथे एएलके जनुक झोपलेले असते.

जोड होते तेव्हा दोन गोष्टी एकदम बिघडतात. ईएमएल४ हे फुफ्फुसाच्या पेशीत नेहमी चालू असणारे जनुक आहे. त्याच्या ताब्यात गेल्यामुळे झोपलेले एएलके जागे होते आणि त्याचे प्रथिन सतत बनू लागते. शिवाय ईएमएल४च्या पुढच्या टोकाला एकमेकांना बिलगण्याची सवय असते. त्यामुळे जोडप्रथिने जोडीजोडीने चिकटतात आणि चिकटलेले दोन पंप एकमेकांना चालू करतात. फ्लोट निघून गेलेला असतो. मग टाकी भरून वाहिली तरी पंप थांबत नाही.

फुफ्फुसाच्या कर्करोगातील मोठा गट ‘नॉन-स्मॉल सेल’ या नावाने ओळखला जातो. त्यात साधारण शंभरातील तीन ते पाच जणांच्या गाठीत एएलकेची जोड सापडते. हे रुग्ण इतर रुग्णांपेक्षा बहुधा तरुण असतात आणि त्यातले अनेक जण कधीही विडी-सिगारेट न ओढलेले असतात. त्यामुळे सुरुवातीला कर्करोगाची शंकाच येत नाही, हा त्यांचा आणखी एक तोटा.

एकाच गोळीचा एवढा परिणाम का होतो?

बहुतेक कर्करोगांत अनेक बिघाड एकत्र आलेले असतात आणि एक दुरुस्त केला तरी बाकीचे काम चालू ठेवतात. जोड असलेल्या गाठीचे वेगळेपण असे की तिचा जवळजवळ सगळा संसार त्या एका पंपावर चालतो. पेशी जगण्यासाठीही त्याच संदेशावर अवलंबून झालेली असते. तो संदेश तोडला की वाढ थांबते आणि पेशी मरूही लागते.

संदेश तोडण्याची जागा ठरलेली आहे. एएलके प्रथिनाच्या मागच्या भागात एक खोबण असते. एटीपी नावाचा ऊर्जेचा रेणू तिथे येऊन बसतो आणि पंपाला वीज पुरवतो. ॲलेक्टिनिबचा रेणू बरोबर त्याच खोबणीत बसतो. त्याने जागा अडवली की एटीपीला आत जाता येत नाही. प्रौढ माणसाच्या निरोगी पेशींना एएलकेची फारशी गरज नसल्यामुळे त्यांना याची झळ कमी बसते. केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या प्रत्येक पेशीवर घाव घालते. त्यामुळे केस जातात, तोंड येते, रक्तपेशी घटतात. गोळीचा मारा एकाच खोबणीवर असतो.

यातले पहिले औषध क्रिझोटिनिब. ते मुळात वेगळ्याच प्रथिनासाठी तयार होत होते, पण एएलकेच्या खोबणीतही बसते असे दिसले. जोड सापडल्यानंतर चारच वर्षांनी, २०११ मध्ये, अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांचा आजार सरासरीने सात महिने आटोक्यात राहिला, तर क्रिझोटिनिब घेणाऱ्यांचा जवळपास अकरा महिने. पुढच्या पिढीतल्या ॲलेक्टिनिबची तुलना थेट क्रिझोटिनिबशी झाली, तेव्हा हा काळ ३४.८ महिन्यांवर गेला. त्यानंतरचे औषध लॉरलॅटिनिब. ते घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांचा आजार पाच वर्षांनंतरही पुढे सरकलेला नव्हता. क्रिझोटिनिब घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. मेंदूत पोचण्याची क्षमता हे नव्या औषधांच्या यशाचे एक मोठे कारण आहे, कारण एएलकेची गाठ मेंदूत पसरण्याची खोड असलेली आहे.

पसरलेला आजार या गोळ्यांनी कायमचा बरा होतो, असा मात्र याचा अर्थ नाही. गाठीतल्या काही पेशींत खोबणीचाच आकार बदलतो. खोबणीच्या तोंडाशी असलेले एक छोटे अमिनो आम्ल जाऊन तिथे मोठे येते आणि औषधाला आत शिरता येत नाही. कधी पेशी हा पंप सोडून दुसराच पंप चालू करते. पहिल्या प्रकारात पुढच्या पिढीचे औषध चालू शकते, दुसऱ्यात चालत नाही. म्हणून आजार पुन्हा डोके वर काढतो तेव्हा शक्य असेल तर पुन्हा तपासणी करावी लागते.

शोधायची कशी?

एएलकेची जोड शोधण्याची सगळ्यात सोपी वाट ती जोड स्वतःच दाखवते. निरोगी फुफ्फुसात एएलके प्रथिन नसतेच. त्यामुळे गाठीच्या पेशींत ते दिसले, तर ते जोडीमुळेच आलेले असण्याची शक्यता फार मोठी. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, त्याचा अतिशय पातळ काप काचेवर घेतात आणि एएलके प्रथिनालाच चिकटणारे प्रतिद्रव्य त्यावर टाकतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उठतो. या तपासणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. सोबत अपेंडिक्सचा एक काप ठेवतात, कारण अपेंडिक्सच्या भिंतीतल्या चेतापेशींत एएलके नैसर्गिकरीत्या असते. तिथे रंग उठला नाही, तर रसायन बिघडले असे समजायचे आणि गाठीचा ‘रंग नाही’ हा निकाल रद्द करायचा.

दुसरी पद्धत फिश. तीत एएलके जनुकाच्या तुटण्याच्या जागेच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा चमकणारा ठिपका चिकटवतात. जनुक अखंड असेल तर दोन्ही ठिपके शेजारी असतात आणि मिळून पिवळसर दिसतात. तुटलेले असेल तर ते वेगळे दिसतात. तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली किमान ५० पेशी मोजतो. १५ टक्के किंवा त्याहून जास्त पेशींत ठिपके फुटलेले दिसले तर जोड आहे असे धरतात. इथेच एक अडचण असते. ईएमएल४ आणि एएलके एकाच गुणसूत्रावर, तुलनेने जवळ आहेत. त्यामुळे ठिपके फार दूर जात नाहीत. दोन ठिपक्यांच्या मध्ये किमान दोन ठिपक्यांएवढी मोकळी जागा असली तरच ते फुटलेले मानायचे. सवयीच्या डोळ्यालाही इथे चकवा बसू शकतो.

तिसरी पद्धत जनुकांचे वाचन. त्यात एएलके, आरओएस१, एनटीआरके आणि इतर अनेक जनुके एकाच वेळी पाहता येतात. ती महाग आहे, वेळ घेते आणि तुकडाही जास्त खाते.

एनटीआरकेची गोष्ट वेगळी

एनटीआरके या नावाखाली तीन जनुके येतात. ती मुख्यतः मज्जासंस्थेच्या घडणीचे काम करतात. जोड झाली की इथेही तोच प्रकार होतो: पुढचा फ्लोट जातो आणि मागचा पंप अखंड चालतो. ही जोड कोणत्याही अवयवाच्या कर्करोगात सापडू शकते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅरोट्रेक्टिनिबच्या अभ्यासात ५५ रुग्ण होते. सगळ्यात लहान चार महिन्यांचा आणि सगळ्यात मोठा ७६ वर्षांचा. त्यांचे कर्करोग १७ प्रकारचे होते, समान धागा फक्त जोडीचा. चारातल्या तिघांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने हे औषध अवयव न पाहता जोड पाहून द्यायला मान्यता दिली. एन्ट्रेक्टिनिबला तशीच मान्यता २०१९ मध्ये मिळाली.

पण शोधण्याची गणिते एएलकेपेक्षा उलटी आहेत. फुफ्फुस, आतडे, स्तन यांच्या नेहमीच्या कर्करोगांत एनटीआरकेची जोड शंभरात एकाकडेही सापडत नाही. याउलट काही दुर्मीळ कर्करोगांत ती बहुतेक सगळ्यांत असते. तान्ह्या बाळाच्या हातापायात वाढणारा इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा हा त्यातला एक. लाळग्रंथीचा आणि स्तनाचा ‘सिक्रिटरी’ प्रकारचा कर्करोग हा दुसरा. अशा बाळाच्या गाठीत जोड सापडली, तर हात किंवा पाय काढण्याच्या आधी औषधाने गाठ लहान करून पाहता येते. म्हणून पॅथॉलॉजिस्टने गाठीचे नाव अचूक ओळखणे हीच इथली पहिली चाचणी ठरते.

रंगाची युक्ती इथे अर्धवटच चालते. मेंदू, चेता आणि स्नायूंच्या पेशींत हे प्रथिन नैसर्गिकरीत्याही असते. त्यामुळे तिथल्या गाठीत तपकिरी रंग उठला म्हणजे जोड आहेच, असे म्हणता येत नाही. आणि तिसऱ्या जनुकाच्या जोडीत रंग कधी कधी इतका फिका असतो की तो निसटतो. फिश करायची तर तीन जनुकांसाठी तीन वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात. म्हणून शेवटचा कौल बहुधा आरएनएच्या वाचनाचा असतो.

डीएनए सोडून आरएनएच का? जनुकात अर्थ असलेल्या मजकुराच्या अधेमधे लांबच लांब कोरी पाने असतात आणि तुटणे बहुधा या कोऱ्या पानांतच होते. एनटीआरकेच्या दोन जनुकांत ही कोरी पाने इतकी लांब आहेत की डीएनएची नेहमीची चाचणी ती सगळी वाचतच नाही. आरएनए तयार होताना पेशी कोरी पाने स्वतःच गाळून टाकते. मग एका जनुकाचा मजकूर संपून लगेच दुसऱ्याचा सुरू झालेला स्पष्ट दिसतो. अडचण एवढीच की आरएनए फार नाजूक असतो. तुकडा नीट जपला नसेल तर सगळ्यात आधी तोच तुटतो.

एक रुग्ण, दोन वाटा

समजा, राजापूर तालुक्यातील ४४ वर्षांची एक स्त्री आहे. तिने कधी तंबाखूला हात लावलेला नाही. दोन महिन्यांचा खोकला आणि आठवडाभराची धाप घेऊन ती रुग्णालयात येते. क्ष-किरणात छातीच्या उजव्या बाजूला पाणी दिसते. आपल्याकडे पहिली शंका क्षयाची येते आणि ती चुकीचीही नाही. सुईने जवळपास एक लिटर पाणी काढले जाते आणि तिला लगेच मोकळा श्वास घेता येतो.

पहिल्या वाटेवर त्यातले थोडे पाणी क्षयाच्या तपासण्यांसाठी जाते, थोडे काचेवर पसरून पेशी पाहण्यासाठी जाते आणि उरलेले बेसिनमध्ये ओतले जाते. काचेवर कर्करोगाच्या पेशी दिसतात. पण पुढच्या तपासण्यांना काही उरलेले नसते. पाणी पुन्हा साठेपर्यंत थांबायचे किंवा मुंबईला जाऊन नवी बायोप्सी करायची, एवढेच हातात राहते. तिथे तारीख मिळवणे, राहण्याची सोय, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, यांत आठवडे जातात. दरम्यान धाप वाढली तर केमोथेरपी सुरू करावी लागते.

दुसऱ्या वाटेवर उरलेले पाणी ओतले जात नाही. ते लगेच प्रयोगशाळेत जाते. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवले जाते. सेंट्रिफ्यूज यंत्रात ते फिरवले की पेशी तळाशी बसतात. हा गाळ फॉर्मलिनमध्ये घट्ट करून मेणात बसवला की त्याचा ब्लॉक तयार होतो. हा सेल ब्लॉक छोट्या बायोप्सीच्याच तोलाचा असतो. त्यातला एक काप ही गाठ फुफ्फुसाची आहे का ते सांगतो. त्याच वेळी पुढच्या तपासण्यांसाठी काही कोरे काप कापून ठेवले जातात. ही छोटी शिस्त फार मोलाची आहे, कारण ब्लॉक यंत्रावर पुन्हा पुन्हा चढवला की दर वेळी पृष्ठभाग सपाट करताना थोडा ऊतक वाया जातो आणि अशाने छोटा तुकडा संपूनही जातो.

मेणाचा ब्लॉक साध्या हवेत टिकतो. त्यामुळे आजारी बाईला लगेच प्रवास घडवण्याची गरज नसते. तिच्याआधी तिचा ब्लॉक मुंबईला किंवा जिथे तपासणी होते तिथे जाऊ शकतो. एएलकेची रंगाची तपासणी ब्लॉक पोचल्यावर काही दिवसांत होऊ शकते. सोबत ईजीएफआर या जनुकाची आणि आरओएस१ची तपासणी करायची असते, कारण भारतीय रुग्णांत ईजीएफआरचा बदल एएलकेच्या जोडीपेक्षा बराच जास्त आढळतो आणि हे बदल सहसा एकाच गाठीत एकत्र येत नाहीत.

समजा, रंग ठळक उठला आणि एएलकेची जोड सिद्ध झाली. मग आधी मेंदूचा एमआरआय करायचा, लक्षणे नसली तरी. ॲलेक्टिनिबचा नेहमीचा डोस १५० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल सकाळी आणि चार संध्याकाळी, जेवणासोबत. पोटात अन्न नसेल तर औषध कमी शोषले जाते, म्हणून ‘जेवणासोबत’ हा शब्द चिठ्ठीवरचा शिष्टाचार समजू नये. पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी यकृताची रक्ततपासणी करायची. अंग दुखणे, बद्धकोष्ठता, सूज, नाडी मंद होणे हे नेहमीचे त्रास. उन्हाने कातडी भाजण्याचा धोका असल्याने शेतावर जाताना अंग झाकावे लागते. या सगळ्या गोष्टी रत्नागिरीत राहून पाहता येण्याजोग्या आहेत.

तुकडा सुईने काढलेला असेल तर काळजी थोडी वेगळी. तो सलाइनमध्ये तसाच ठेवला किंवा सुकू दिला तर पेशी सडू लागतात. काढल्यापासून तासाभराच्या आत तो दसपट फॉर्मलिनमध्ये बुडायला हवा आणि तिथे किमान सहा तास, पण शक्यतो दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, इतकाच राहायला हवा. शुक्रवारी काढलेला तुकडा सोमवारी दुपारपर्यंत बाटलीतच राहिला, तर नाव सांगण्यापुरता तो ठीक असतो. त्यातला आरएनए मात्र वाचण्याच्या पलीकडे गेलेला असू शकतो. फॉर्मलिनही न्यूट्रल बफर्ड हवे. साधे फॉर्मलिन पडून राहिले की आम्लधर्मी होते आणि जनुकांची मोडतोड करते. हाडातून तुकडा घेतला तर तो मऊ करायला तीव्र आम्ल वापरतात. त्यात जनुके नष्ट होतात. अशा वेळी ईडीटीए वापरावे किंवा हाडाऐवजी दुसरी जागा निवडावी.

अहवाल वाचताना

अहवालात ‘जोड आढळली नाही’ आणि ‘नमुना अपुरा’ हे दोन शेरे घरच्यांना सारखेच वाटतात. त्यांचा अर्थ पूर्ण वेगळा आहे. पहिल्यात तपासणी झाली आणि उत्तर नकारार्थी आले. दुसऱ्यात तपासणी झालीच नाही. दुसरा शेरा असेल तर नवा नमुना मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. तसेच चाचणी डीएनएची होती की आरएनएचीही, हे पाहावे. फक्त डीएनए वाचून एनटीआरके नकारार्थी आले असेल, तर ते दार पूर्ण बंद झाले असे समजू नये.

हल्ली रक्ताच्या नमुन्यातूनही गाठीचे जनुक शोधतात. रक्तात जोड सापडली तर तिच्यावर भरवसा ठेवता येतो. सापडली नाही तर उत्तर मिळालेले नसते, कारण अनेक गाठी रक्तात पुरेसा डीएनए सोडत नाहीत.

घाई कुठे करू नये, याचेही भान हवे. फुफ्फुसाच्या कर्करोगात इम्युनोथेरपीचे नाव आता सर्वदूर पोचले आहे. पण एएलकेची जोड असलेल्या गाठींवर ती फारशी चालत नाही. ती आधी देऊन नंतर काही गोळ्या सुरू केल्या, तर यकृताला आणि फुफ्फुसाला जास्त इजा होण्याचा धोका असतो. प्रकृती थांबू देत असेल तर जनुकांचा अहवाल हाती येईपर्यंत इम्युनोथेरपी लांबवणे शहाणपणाचे. थांबणे शक्यच नसेल, तर नुसती केमोथेरपी सुरू करता येते.

जिल्ह्याच्या हातात काय आहे?

त्याच अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. त्यातली २०० केंद्रे २०२५-२६ मध्येच होणार असे सांगितले गेले. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीसाठी मुंबई गाठावी लागणाऱ्या कोकणातल्या रुग्णासाठी ही घोषणा मोठी आहे. पण डे-केअरमध्ये कोणते औषध द्यायचे, हे आधी ठरलेले असावे लागते आणि ते ठरते तुकड्यावर.

त्यासाठी रत्नागिरीत जनुकवाचनाचे यंत्र बसवण्याची गरज नाही. एका जिल्ह्यात असे नमुने इतके थोडे येतील की यंत्र बहुतेक वेळ रिकामे राहील आणि ते चालवणाऱ्याचा हातही बसणार नाही. वाचन मोठ्या केंद्रात होऊ द्यावे. जिल्ह्याने करायच्या गोष्टी साध्या आहेत. छातीचे पाणी ओतण्याआधी त्याचा सेल ब्लॉक करणे. बफर्ड फॉर्मलिन तयार ठेवणे आणि बाटलीवर तुकडा बुडवल्याची वेळ लिहिणे. सुईचे दोन-तीन तुकडे मिळाले तर ते एकाच ब्लॉकमध्ये न कोंबता वेगळे बसवणे, म्हणजे एक निदानात संपला तरी दुसरा जनुकांसाठी उरतो. आणि ब्लॉक मागितला की तो नोंद करून रुग्णाच्या हाती किंवा थेट केंद्राकडे देणे.

यांतल्या कोणत्याही गोष्टीला अर्थसंकल्पात वेगळी ओळ लागत नाही. ॲलेक्टिनिबवरचा कर दिल्लीत उतरला आहे. राजापूरच्या बाईला त्याचा लाभ मिळेल की नाही, हे तिच्या छातीतून पाणी काढले त्या दुपारी, ती बाटली कुठल्या दिशेला गेली यावर ठरेल.